ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन? वाचन परीक्षेतल्या सगळ्यात फसव्या प्रश्नांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयेल्ट्सच्या वाचन परीक्षेत एक प्रश्नप्रकार असा आहे, की ज्यात चांगलं इंग्रजी येणारेही हमखास गुण घालवतात. उताऱ्याखाली काही विधानं दिलेली असतात आणि प्रत्येकासमोर ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन यांपैकी एक उत्तर द्यायचं असतं. यात चुकणाऱ्यांना बहुतेकदा उतारा समजलेला असतो. पण त्यांनी उत्तर उताऱ्यातून दिलेलं नसतं, स्वतःला आधीपासून जे माहीत आहे त्यातून दिलेलं असतं. खालचे बरेचसे प्रश्न याच एका खोडीभोवती फिरतात.

समजावण्यासाठी सराव-उतारा मुद्दाम मराठीत आणि मुद्दाम लोणारवर घेतला आहे. परीक्षेत उतारा अर्थातच इंग्रजीत असतो आणि विषय बहुधा तुमच्या ओळखीचा नसतो. पण बाहेरची माहिती उत्तरात कशी घुसते ते पाहायचं, तर विषय ओळखीचाच हवा.

या तीन उत्तरांचा नेमका अर्थ काय?

विधान उताऱ्यातल्या माहितीशी जुळत असेल तर ट्रू. विधान उताऱ्यातल्या माहितीच्या विरुद्ध जात असेल तर फॉल्स. विधानात जे म्हटलं आहे त्याबद्दल उतारा होही म्हणत नसेल आणि नाहीही म्हणत नसेल, तर नॉट गिव्हन.

तिन्ही व्याख्यांत एक गोष्ट नाही, आणि तिथेच सगळं आहे. विधान जगात खरं आहे का, हे कुठेच विचारलेलं नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे विधान दिलं आणि उताऱ्यात त्याचा उल्लेखच नसेल, तर उत्तर नॉट गिव्हन. उताऱ्यात लिहिलं असेल की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, तर त्याच विधानाचं उत्तर फॉल्स. परीक्षकाच्या हातात उत्तरसूची असते आणि ती उताऱ्यावरून बनवलेली असते, विश्वकोशावरून नाही. परीक्षेच्या अधिकृत माहितीतही हे स्पष्ट सांगितलेलं आहे, की उताऱ्याबाहेरच्या ज्ञानाचा उत्तर ठरवताना काही संबंध येता कामा नये.

येस, नो, नॉट गिव्हन हा वेगळा प्रकार आहे का?

हो. ट्रू-फॉल्समध्ये उताऱ्यातली माहिती तपासायची असते, येस-नोमध्ये लेखकाचं मत किंवा दावा. वस्तुस्थिती आणि मत यांतला हा फरक सोडला तर पद्धत तीच. मात्र येस-नोच्या उताऱ्यात लेखक दुसऱ्यांची मतंही सांगत असतो, आणि ती लेखकाची समजून उत्तर दिलं जातं. ‘काही अभ्यासक असं मानतात की’ या वाक्यानंतर जे येतं ते लेखकाचं मत असेलच असं नाही. पुढच्या वाक्यात तो ते खोडूनही काढत असेल.

कागदावरच्या परीक्षेत उत्तर लिहिताना सूचनेत जे शब्द दिले आहेत तेच लिहा. TRUE मागितलं असताना YES लिहून हातचा गुण धोक्यात घालू नका. संगणकावर पर्याय निवडायचा असतो, त्यामुळे ही भानगड नाही.

एखादा उतारा घेऊन दाखवाल का?

हा घ्या:

*बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात तयार झालेलं असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ अनेक भूशास्त्रज्ञांचा समज असा होता, की हे विवर ज्वालामुखीमुळे तयार झालं असावं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या खडकांचे नमुने तपासण्यात आले आणि त्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारा मास्केलिनाइट हा पदार्थ सापडला. तेव्हा कुठे उल्कापाताचा सिद्धांत सर्वमान्य झाला. विवराच्या वयाबद्दल मात्र अजून वाद आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षं येतं, तर नंतर वापरलेल्या दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाख वर्षांहून जास्त. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, आणि त्यात काही प्रकारचे सूक्ष्मजीव वाढतात. विवराच्या आत जुनी मंदिरं आहेत. त्यांतली बहुतेक पडझडीला आलेली असली, तरी कमळजा देवीच्या मंदिरात आजही पूजा होते.*

आणि ही विधानं. पुढे जाण्याआधी नऊही उत्तरं कागदावर लिहून ठेवा.

१. विवराचा व्यास दोन किलोमीटरपेक्षा कमी आहे.
२. अलेक्झांडरच्या आधी कोणत्याही युरोपीय माणसाने हे विवर पाहिलं नव्हतं.
३. उल्कापाताचा सिद्धांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मान्य झाला होता.
४. विवराचं वय नक्की किती, यावर एकमत झालेलं नाही.
५. नंतर वापरलेल्या पद्धतीने काढलेलं वय जास्त अचूक आहे.
६. सरोवराच्या पाण्यात कोणताही सजीव जगू शकत नाही.
७. सरोवराच्या पाण्यात मासे नाहीत.
८. २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं.
९. विवराच्या आतल्या एकाही मंदिरात आता पूजा होत नाही.

उत्तरं अशी: १ ट्रू, २ नॉट गिव्हन, ३ फॉल्स, ४ ट्रू, ५ नॉट गिव्हन, ६ फॉल्स, ७ नॉट गिव्हन, ८ नॉट गिव्हन, ९ फॉल्स.

आठवं विधान तर खरंच आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. मग नॉट गिव्हन का?

कारण उताऱ्यात पाण्याच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. पाणी खारट आहे, अल्कधर्मी आहे आणि त्यात सूक्ष्मजीव आहेत, एवढंच आहे. ज्याला बातमी आठवते त्याच्या डोक्यात ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द वाचताच गुलाबी रंग उभा राहतो, आणि मग उताऱ्यात तो वाचल्यासारखाच वाटतो. ज्याला बातमी माहीत नाही तो न अडखळता नॉट गिव्हन लिहितो. या प्रश्नप्रकारात जाणकार माणूस अजाण माणसापेक्षा मागे पडतो तो असा.

पण हा सापळा ओळखायला सोपा आहे. त्यात तुम्ही एक आख्खी घटना बाहेरून आणता, आणि तपासताना ती घटना उताऱ्यात नाही हे दिसतं. पाचव्या आणि सातव्या विधानातला सापळा जास्त खोल आहे.

मग पाचव्या आणि सातव्या विधानात काय होतं?

तिथे बाहेरून घटना येत नाही. बाहेरून येतो तो तर्क.

सातवं विधान पाहा. पाणी खारट, त्यात अल्कधर्मी. अशा पाण्यात मासा कसा जगेल? उताऱ्यातही फक्त सूक्ष्मजीवांचंच नाव आहे. म्हणजे मासे नाहीत. ट्रू. असा विचार मनात दोन सेकंदांत होतो आणि तो शहाणपणाचाही वाटतो. पण यातला ‘अशा पाण्यात मासे जगत नाहीत’ हा दुवा उताऱ्याने दिलेला नाही, तो तुम्ही शाळेतल्या विज्ञानातून आणला आहे. आणि ‘फक्त’ हा शब्दही तुमचाच आहे. उतारा म्हणतो, ‘काही प्रकारचे सूक्ष्मजीव वाढतात’. दुसरं काही वाढत नाही असं तो म्हणत नाही.

उताऱ्यातलं ते एक वाक्य बदलून पाहिलं की हे नीट कळतं. वाक्य असं असतं, की ‘त्यात केवळ सूक्ष्मजीवच वाढतात’, तर सातव्या विधानाचं उत्तर ट्रू झालं असतं. वाक्य असं असतं, की ‘त्यात सूक्ष्मजीव आणि एका जातीचे मासे आढळतात’, तर फॉल्स. विधान तेच, जगातलं सत्य तेच, पण उताऱ्यातल्या एका शब्दाने उत्तर तीन ठिकाणी फिरतं. सराव करताना हा प्रयोग जरूर करा. नॉट गिव्हन आलेल्या प्रत्येक विधानासाठी, उताऱ्यात कोणता शब्द असता तर ते ट्रू झालं असतं आणि कोणता असता तर फॉल्स, हे लिहून काढा. आठ-दहा विधानांवर हे केलं की नजर बसते.

सहावं विधान सातव्याच्या शेजारी मुद्दाम ठेवलं आहे. ‘कोणताही सजीव जगू शकत नाही’ हे सूक्ष्मजीवांच्या उल्लेखाने थेट खोटं पडतं, म्हणून फॉल्स. विषय एकच, वाक्यं दिसायला सारखी, पण एकाला उताऱ्यात उत्तर आहे आणि दुसऱ्याला नाही.

पाचव्यात तुलना आहे. उताऱ्यात दोन पद्धती आहेत, दोन आकडे आहेत, आणि एक पद्धत नंतरची आहे. नंतरची म्हणजे सुधारलेली, सुधारलेली म्हणजे अचूक, असं आपण आपोआप धरून चालतो. उताऱ्याने कोणतीही पद्धत उजवी ठरवलेली नाही. उलट वाद अजून आहे असं म्हटलं आहे. विधानात ‘जास्त’, ‘कमी’, ‘अधिक चांगलं’, ‘सगळ्यात’ असं काही दिसलं, की उताऱ्यात त्या दोन गोष्टींची त्याच बाबतीत तुलना झाली आहे का, हे आधी शोधायचं. दोन्ही गोष्टींचा नुसता उल्लेख असणं पुरत नाही.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांतच माझा गोंधळ होतो. ठाम कसोटी कोणती?

बोट ठेवण्याची. फॉल्स लिहायचं असेल तर विधानाला खोटं पाडणारे शब्द उताऱ्यात कुठे आहेत, तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. ‘असं कुठे म्हटलेलं नाही’ हे फॉल्सचं कारण होऊच शकत नाही. ते नॉट गिव्हनचं कारण आहे.

बोट ठेवूनही शंका राहिली, तर विधान उलटं करा. दुसरं विधान घ्या. उलटं केलं की होतं, ‘अलेक्झांडरच्या आधी निदान एका युरोपीय माणसाने हे विवर पाहिलं होतं.’ आता उतारा हे सिद्ध करतो का? नाही. मूळ विधान सिद्ध करतो का? तेही नाही, कारण त्याने १८२३ मध्ये नोंद केली एवढंच लिहिलं आहे, पहिल्यांदा पाहिलं असं नाही. मूळही सिद्ध होत नाही आणि उलटही होत नाही, म्हणजे नॉट गिव्हन.

आता हेच नवव्या विधानावर करा. उलटं केलं की होतं, ‘विवराच्या आतल्या निदान एका मंदिरात आजही पूजा होते.’ कमळजा देवीचं वाक्य हे सरळ सिद्ध करतं. उलटं विधान सिद्ध झालं, म्हणजे मूळ विधान फॉल्स. उलटं करताना एक काळजी घ्या. ‘सर्व’चं उलट ‘एकही नाही’ होत नाही, ‘सर्व नाहीत’ असं होतं. इथे चुकलात तर कसोटीच चुकीचं उत्तर देईल.

मग प्रत्येक गोष्ट शब्दशः लिहिलेली असेल तरच ट्रू म्हणायचं का?

अजिबात नाही, आणि बाहेरच्या माहितीची भीती बसली की नेमकी हीच दुसरी चूक सुरू होते. लोक दिसेल त्याला नॉट गिव्हन लिहू लागतात.

पहिल्या विधानात ‘दोन किलोमीटरपेक्षा कमी’ हे शब्द उताऱ्यात नाहीत. पण १.८ हे दोनपेक्षा कमी असतं हे कळायला भूगोल लागत नाही. तसंच ‘वयाबद्दल अजून वाद आहे’ आणि ‘वयावर एकमत झालेलं नाही’ हे एकच. शब्दांचे अर्थ, साधी बेरीज-वजाबाकी, १८२३ हे वर्ष एकोणिसाव्या शतकात येतं ही गणना, हे सगळं वापरायचंच असतं. विधानं मुळातच उताऱ्यातले शब्द टाळून लिहिलेली असतात, कारण शब्द बदलले तरी अर्थ ओळखता येतो का, हेच तर तपासायचं असतं.

सीमारेषा अशी आखा: भाषा येणाऱ्या, पण या विषयाचं काहीच न वाचलेल्या माणसाला हा निष्कर्ष काढावाच लागेल का? १.८ वरून दोनपेक्षा कमी, हे त्याला मान्य करावंच लागेल. खारट पाण्यावरून मासे नाहीत, हे त्याला मान्य करायचं कारण नाही, कारण समुद्रही खारटच असतो.

मराठीतून विचार करताना काही खास चुका होतात का?

होतात. इंग्रजी वाक्य मनातल्या मनात मराठीत आणताना काही छोटे शब्द गळून पडतात, आणि उत्तर त्या छोट्या शब्दांवरच टांगलेलं असतं.

सगळ्यात मोठं उदाहरण ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचं. दोन्ही मराठीत ‘थोडे’ होऊन बसतात. पण ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे का होईना, आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच. उताऱ्यात ‘फ्यू फार्मर्स’नी नवं बियाणं वापरलं असं असेल आणि विधानात ते बियाणं शेतकऱ्यांत लोकप्रिय झालं असं असेल, तर फॉल्स. मनात ‘थोड्या शेतकऱ्यांनी वापरलं’ असं भाषांतर करणारा इथे घुटमळतो आणि नॉट गिव्हन लिहून मोकळा होतो. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तेच.

दुसरा शब्द ‘मे’ किंवा ‘माइट’. मराठीत याला ‘असावं’, ‘असू शकेल’ असे नेमके शब्द आहेत, पण घाईत आपण सरळ ‘आहे’ करून टाकतो. एखादं औषध झोप सुधारू शकेल असं उतारा म्हणत असेल आणि ते झोप सुधारतं हे सिद्ध झालं आहे असं विधान म्हणत असेल, तर ते ट्रू नाही. मग फॉल्स की नॉट गिव्हन? ते पुढच्या ओळींवर ठरतं. पुरावा अजून मिळालेला नाही असं पुढे लिहिलं असेल तर फॉल्स, पुढे काहीच नसेल तर नॉट गिव्हन. म्हणून विधानाशी जुळणारं वाक्य सापडलं की तिथेच थांबू नका, त्यानंतरची दोन वाक्यं वाचाच.

तिसरा ‘यूज्ड टु’. ‘द टाउन यूज्ड टु एक्स्पोर्ट सॉल्ट’ या रचनेत पूर्वी निर्यात व्हायची आणि आता होत नाही, असा सूर असतो. मराठीतलं ‘करत असे’ हाच सूर पकडतं, पण घाईत ते नुसतं ‘करतं’ होतं.

विधानात ‘ऑल’, ‘ऑलवेज’, ‘ओन्ली’ दिसलं की उत्तर फॉल्स असतं, हे खरं का?

हा क्लासच्या वहीतला तोडगा आहे आणि तो घात करतो. असे शब्द दिसले की सावध व्हायचं, कारण उताऱ्यात त्याजागी बहुधा काहीतरी मोजमाप दिलेलं असतं. पण उताऱ्यातच ‘एव्हरी’ असेल तर ‘ऑल’ असलेलं विधान ट्रू होतं. आणि मोजमापच नसेल तर नॉट गिव्हन. शब्द फक्त कुठे पाहायचं ते सांगतो, काय लिहायचं ते सांगत नाही.

शोधायला वेळ फार जातो. किती वेळ द्यावा, आणि कसा शोधावा?

वाचन परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात. अकॅडेमिक प्रकारात तीन उतारे असतात, म्हणजे एका उताऱ्याला सुमारे २० मिनिटं. उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वाचनात वेगळा वेळ मिळत नाही, हेही यातच बसवायचं. त्यामुळे एका विधानावर दीड मिनिटापेक्षा जास्त अडकणं परवडत नाही.

इथे एक नियम फार उपयोगी पडतो. या प्रकारातली विधानं उताऱ्यातल्या माहितीच्या क्रमाने येतात. लोणारची विधानंही तशीच लावली आहेत. समजा चौथ्याचं उत्तर तुम्हाला वयाच्या वाक्यात सापडलं आणि सहाव्याचं सूक्ष्मजीवांच्या वाक्यात. मग पाचव्याचं उत्तर असलंच तर या दोन जागांच्या मध्येच असणार. तेवढाच भाग नीट वाचा. तिथे नसेल तर आख्खा उतारा पुन्हा चाळू नका, नॉट गिव्हन लिहा आणि पुढे जा.

वेळ खातं ते नॉट गिव्हनच, कारण नसलेली गोष्ट शोधण्याला शेवट नसतो. म्हणून आधी जी विधानं पक्की सापडतात ती सोडवून घ्या. ती खुंट्यांसारखी काम करतात आणि उरलेल्यांची जागा आपोआप आकसत जाते.

शोधताना विधानातले न बदलणारे शब्द धरा: माणसाचं नाव, गाव, साल, आकडा. लोणारच्या दुसऱ्या विधानात ‘अलेक्झांडर’ हा शब्द थेट जागा दाखवतो. पण जागा सापडली म्हणजे उत्तर ट्रू, असं मात्र नाही. विधानातले तीन-चार शब्द उताऱ्यात जसेच्या तसे दिसले की हात ट्रूकडे वळतो. जागा सापडल्यावर विधानाचे तुकडे करा: कोणी, काय केलं, कधी, किती प्रमाणात. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळला तरच ट्रू. एक तुकडा विरुद्ध गेला की फॉल्स. बाकीचे सगळे जुळले, पण एकाबद्दल उतारा गप्प असेल तर नॉट गिव्हन.

उतारा माझ्याच क्षेत्रातला आला तर फायदा होतो का?

शब्द ओळखीचे असतात, म्हणून वाचनाचा वेग वाढतो. उत्तरांच्या बाबतीत मात्र धोका वाढतो. नर्सिंगच्या पदवीधराला जंतुसंसर्गावरचा उतारा आला, किंवा स्थापत्य अभियंत्याला पुलांवरचा, की उताऱ्याने अर्धवट सोडलेली प्रत्येक जागा तो स्वतःच भरतो. शिवाय उतारे जुन्या लेखांवरून घेतलेले असू शकतात आणि त्यातली माहिती आज मागे पडलेली असू शकते. तरीही उत्तर त्या उताऱ्याप्रमाणेच द्यायचं.

अशा उताऱ्यात एक साधी सवय लावून घ्या. प्रत्येक विधानाआधी मनात ‘या उताऱ्यानुसार’ हे दोन शब्द जोडा. ‘या उताऱ्यानुसार सरोवराच्या पाण्यात मासे नाहीत’ असं म्हणून पाहिलं की डोळे आपोआप ओळ शोधू लागतात, स्मरणशक्ती नाही.

माझ्या चुका कोणत्या प्रकारच्या आहेत हे कसं ओळखू?

सरावानंतर नुसते गुण मोजू नका. चुकलेल्या प्रत्येक विधानापुढे दोन गोष्टी लिहा: तुम्ही काय लिहिलं आणि बरोबर काय होतं. जोडीवरून दुखणं कळतं.

बरोबर उत्तर नॉट गिव्हन आणि तुम्ही ट्रू लिहिलं, तर बाहेरची माहिती किंवा बाहेरचा तर्क आत आला. तो नेमका कोणता, हे एका वाक्यात लिहून ठेवा. बरोबर नॉट गिव्हन आणि तुम्ही फॉल्स लिहिलं, तर ‘नाही म्हटलं’ आणि ‘म्हटलं नाही’ यांत गल्लत झाली. बोट ठेवण्याची कसोटी तुम्ही टाळली. बरोबर ट्रू आणि तुम्ही नॉट गिव्हन लिहिलं, तर पर्यायी शब्द ओळखता आला नाही. हा शब्दसंग्रहाचा प्रश्न आहे, युक्तीचा नाही, आणि तो वाचनानेच सुटेल. बरोबर फॉल्स आणि तुम्ही नॉट गिव्हन लिहिलं, तर बहुधा प्रमाण दाखवणारा छोटा शब्द निसटला, किंवा पुढचं वाक्य वाचलं नाही.

पाच-सहा उताऱ्यांनंतर एकच जोडी पुन्हा पुन्हा दिसू लागते. सगळा सराव मग तिच्यावरच लावा.

काहीच सुचलं नाही तर जागा कोरी सोडावी का?

कधीच नाही. आयेल्ट्समध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण अंदाज करतानाही आधी संबंधित वाक्य सापडलं होतं का, ते पाहा. जुळणारा विषय सापडला पण विधानातली गोष्ट नाही, तर नॉट गिव्हनकडे झुका. ‘आत्तापर्यंत तीन नॉट गिव्हन झाले, आता एवढे कसे असतील’ असा हिशेब करून लिहिलेलं उत्तर बदलू नका.

स्पर्धा परीक्षेतल्या उताऱ्यांनाही हीच पद्धत चालेल का?

अर्धीच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत दुसऱ्या पेपरमध्ये, म्हणजे सीसॅटमध्ये, उत्तरं फक्त उताऱ्याच्या आधारे द्या अशीच सूचना असते. त्यामुळे बाहेरची माहिती बाजूला ठेवण्याची सवय तिथेही कामाला येते. पण तिथे पुष्कळदा उताऱ्यातून निघणारा सगळ्यात तर्कसंगत निष्कर्ष कोणता, किंवा लेखकाने काय गृहीत धरलं आहे, असं विचारतात. म्हणजे लिहिलेल्या ओळीच्या एक पाऊल पुढे जाणं तिथे अपेक्षित असतं. लोणारच्या उताऱ्यावर तिथे प्रश्न आला, की ‘वय काढण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलू शकतं’ हा निष्कर्ष निघतो का, तर तो निघतो. शिवाय तिथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे जागा कोरी न सोडण्याचा वरचा सल्ला तिथे लागू करू नका. दोन्ही परीक्षांची तयारी एकाच वेळी चालू असेल, तर त्यांचे उतारे एकाच बैठकीत सोडवू नका. सीसॅटचा तर्क लगेचच्या आयेल्ट्स उताऱ्यात उतरतो आणि नॉट गिव्हनच्या जागी ट्रू लिहिलं जातं.